लाईव्ह चालू असताना नेट गेलं तर दुसरा फोन कसा कामाला लावायचा, आणि वायर कधी खेचायची

परळला आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत दरवर्षी एक संध्याकाळ भजनाची असते आणि ती मी यूट्यूबवर लाईव्ह करतो, कारण अर्धी बिल्डिंग आता बदलापूर, नाशिक, दुबई अशी पांगलीय. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या हुशारीने लॅपटॉपला दुसरा फोन यूएसबीने जोडून ठेवला होता, बॅकअप म्हणून. नेट गेलं. फोन जोडलेला, मोबाईल डेटा चालू, टेदरिंग चालू, आणि तरीही लाईव्ह तब्बल अकरा मिनिटं बंद. मंडळातला पोरगा आपला सांगतोय "अरे दादा, वायफाय तर फुल्ल दाखवतंय!" आणि मी ओबीएस या लाईव्ह पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे बघत बसलोय की हे आता जुळेल, मग जुळेल.

त्या अकरा मिनिटांत काय चुकलं ते कळायला मला दोन दिवस लागले, म्हणून हे लिहितोय. सेटअप साधाच धरलाय: विंडोज लॅपटॉप, त्यावर ओबीएस, लाईव्ह यूट्यूबवर, मेन नेट ब्रॉडबँडचं, आणि बॅकअपला एक अँड्रॉइड फोन.

आधी हे समजून घ्या की नेट दोन प्रकारे जातं. एक म्हणजे राऊटरच बंद पडतो, लाईट गेली किंवा कोणाचा तरी पाय वायरीत अडकला. तेव्हा वायफाय दिसेनासं होतं, लॅपटॉपला कळतं की ही लाईन मेली, आणि तो आपणहून फोनच्या लाईनवर जातो. दुसरा प्रकार मुंबईत जास्त होतो, कुठेतरी रस्ता खोदताना फायबर तुटते, नाहीतर जिन्याखालच्या केबलवाल्याच्या डब्यातला स्विच बंद पडतो. अशा वेळी तुमचा राऊटर मजेत चालू असतो, वायफायच्या कांड्या फुल्ल, फक्त राऊटरच्या पुढे काही नाही. लॅपटॉपचं राऊटरशी कनेक्शन शाबूत असल्यामुळे विंडोज त्याच रस्त्याने डेटा ढकलत राहतो. फोनची चांगली लाईन शेजारी मोकळी पडलेली असते पण तो तिकडे बघत नाही. राऊटरवर LOS लिहिलेला दिवा असतो तो अशा वेळी लाल होतो (केबलवाल्याचा स्विच गेला असेल तर तोही होईलच असं नाही, हे लक्षात ठेवा).

म्हणजे पहिल्या प्रकारात बॅकअप आपोआप चालतो आणि दुसऱ्यात तुम्हाला हाताने मेन लाईन तोडावी लागते. लॅन असेल तर लॅपटॉपमधून वायर खेचायची, वायफाय असेल तर ते बंद करायचं. मी त्या अकरा मिनिटांत नेमकं हेच वेळेवर केलं नाही. बाकी सगळी तयारी यासाठी, की ती वायर खेचल्यावर पुढचं सगळं सुरळीत व्हावं.

फोन आणि सिम

बॅकअपचं सिम ब्रॉडबँडच्याच कंपनीचं नको. एकाच कंपनीची फायबर तुटली तर घरचं नेट आणि जवळचा टॉवर दोन्ही एकदम आडवे होऊ शकतात. आणि फोन शक्यतो रोजच्या वापरातला नको, घरात पडलेला जुना फोरजी फोन चालतो, फक्त बॅटरी फुगलेली नको. त्यात एकच सिम ठेवा. दोन सिम असले आणि दुसऱ्यावर कॉल आला तर बऱ्याच फोनमध्ये तेवढा वेळ पहिल्या सिमचा डेटा थांबतो, आणि लाईव्हच्या मध्येच कर्जवाल्यांचा फोन येणार म्हणजे येणारच.

आता एक गोष्ट जी मी तीन जणांकडे बघितलीय: बॅकअपचा फोन घरच्या वायफायला जोडलेला असतो. कोणाच्या लक्षातच येत नाही. यूएसबी टेदरिंग चालू केलं की फोन स्वतःकडे असलेलं नेट पुढे देतो, आणि फोनकडे वायफाय असेल तर तो तेच देतो. म्हणजे घरचं नेट फिरून फोनमार्गे परत लॅपटॉपला, टेस्ट केली तर मस्त चालतंय असं दिसतं, आणि मेन गेलं की दोन्ही एकदम जातात. त्यामुळे फोनचं वायफाय बंद करा, नुसतं बंद नाही तर ते नेटवर्क विसरायला सांगा, कारण काही फोन ओळखीचं वायफाय दिसलं की आपणच चालू होतात.

हॉटस्पॉट की वायर

मेन नेट लॅनच्या वायरीने येत असेल तर फोनचा वायफाय हॉटस्पॉट चालतो, लॅपटॉप वायर आणि वायफाय दोन्ही एकदम धरून ठेवतो. पण मेन नेट वायफायवर असेल तर लॅपटॉप एका वेळी एकच वायफाय पकडणार, म्हणजे नेट गेल्यावर यादीत जाऊन हॉटस्पॉट शोधणं, पासवर्ड, हात थरथरतायत, नको ते. शिवाय कोणीच जोडलेलं नसेल तर फोन थोड्या वेळाने हॉटस्पॉट आपोआप बंद करतो, ती सेटिंग शोधून बंद करावी लागते. मी दोन्ही वापरून बघितलं आणि आता सरळ यूएसबीच लावतो. फोन चार्जही होत राहतो.

केबल डेटावाली हवी. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात. ओळखायचं कसं, तर फोन लॅपटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जा, तिथे USB tethering चं बटण फिकट आणि दाबताच येत नसेल तर केबल चार्जिंगची आहे. बटण चालू झालं की विंडोजला तो फोन लॅनच्या वायरीसारखा दिसतो, नाव असतं Ethernet 2 नाहीतर Ethernet 3 असं काहीतरी. (आयफोन असेल तर विंडोजवर आधी ॲपलचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, ते कार्यक्रमाच्या दिवशी कळलं तर पंचाईत.)

मेन कोण आणि बॅकअप कोण, हे विंडोजला सांगा

इथे एक उलटाच घोळ होतो. विंडोज साधारणपणे वायरीच्या लाईनला वायफायपेक्षा वरचा नंबर देतो आणि फोन तर त्याला वायरच वाटतो. त्यामुळे मेन नेट वायफायवर असेल तर फोन लावल्या लावल्या सगळा डेटा फोनमधूनच जायला लागतो. तुम्हाला वाटतं फोन राखीव बसलाय आणि तो बिचारा पहिल्या मिनिटापासून राबतोय, आणि खरंच गरज पडेपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला.

म्हणून नंबर आपण ठरवून द्यायचे. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आधी यादी बघा आणि मग नंबर द्या, छोटा नंबर म्हणजे आधीचा मान:

```
Get-NetIPInterface | Sort-Object InterfaceMetric
Set-NetIPInterface -InterfaceAlias "Wi-Fi" -InterfaceMetric 10
Set-NetIPInterface -InterfaceAlias "Ethernet 3" -InterfaceMetric 50
```

नावं तुमच्या यादीत असतील तशी टाका. मेन लॅनवर असेल तर Wi-Fi च्या जागी त्या लॅनचं नाव. फोन दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला तर कधीकधी विंडोज त्याला नवीन नावाने घेतो आणि आपण दिलेला नंबर जातो, म्हणून मी पोर्टवर पांढरा टेप लावून ठेवलाय, फोन कायम तिथेच.

नीट झालं का हे बघायला टास्क मॅनेजर उघडा, Performance मध्ये जा. तिथे प्रत्येक लाईनचा वेगळा ग्राफ असतो. टेस्ट लाईव्ह चालू करा, Send चा आकडा मेनच्या ग्राफवर हलला पाहिजे आणि फोनचा ग्राफ जवळजवळ झोपलेला पाहिजे. नंबर बरोबर देऊनही फोनचाच ग्राफ पळत असेल तर कारण बहुतेक आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, असतं: घरच्या ब्रॉडबँडला ते नसेल आणि मोबाईलला असेल, तर ओबीएस त्या वाटेने निघून जातं. ओबीएसच्या Settings मध्ये Advanced, तिथे खाली Network, त्यात IP Family ला IPv4 Only करा.

त्याच पानावर Bind to IP आहे, ते Default वरच असू दे. कोणी हौसेने तिथे लॅनचा पत्ता निवडून ठेवला असेल तर वायर खेचल्यावर ओबीएस फोनवर जाणारच नाही.

आणि फोनच्या त्या लाईनला विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये Metered connection करून टाका, नाहीतर नेट फोनवर आलं रे आलं की विंडोज अपडेट उतरवायला सुरुवात.

बिटरेट मोबाईलला झेपेल तेवढाच

बिटरेट म्हणजे ओबीएस सेकंदाला किती डेटा पाठवणार तो आकडा, आणि नवीन लोक तो मेन नेटच्या स्पीडवरून ठरवतात. शंभरचं कनेक्शन आहे ना, मग टाका ६०००. पण नेट गेल्यावर तोच ६००० फोनला ओढायचाय, आणि लाईव्ह चालू असताना सेटिंगमध्ये शिरून आकडे बदलणं हे काय खरं नाही. म्हणून पहिल्यापासूनच फोनला झेपेल तो आकडा लावा. भजन, भाषण, साखरपुडा, असल्या गोष्टींना ७२०पी आणि २५०० पुष्कळ होतो, आवाजाला १२८. बघणारे बरेच लोक मोबाईलवरच बघतात.

यात हिशोबही सोपा पडतो. २५०० आणि १२८ मिळून २६२८ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला साधारण २० एमबी, तासाला १.२ जीबीच्या आसपास. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर सव्वा तास निघतो, तोही दिवसभरात त्या सिमने दुसरं काही केलं नसेल तर. ६००० लावला असता तर तासाला पावणेतीन जीबी. दिवसाचा कोटा संपला की स्पीड बहुतेक प्लॅनमध्ये ६४ केबीपीएसवर येतो, त्यात तर आवाजसुद्धा धड जात नाही. त्यामुळे कार्यक्रम मोठा असेल तर आदल्या दिवशी डेटाचं छोटं पॅक मारून ठेवा, आणि सिमची व्हॅलिडिटी संपलेली नाही ना तेही बघा. पडून असलेल्या सिमचं हे हमखास होतं.

स्पीड टेस्ट करताना डाऊनलोड बघू नका, अपलोड बघा. बिटरेटच्या दुप्पट तरी अपलोड पाहिजे, म्हणजे २५०० ला पाच एमबीपीएस. आणि टेस्ट जिथे फोन ठेवणार तिथेच आणि कार्यक्रमाच्या वेळेलाच करा. आमच्याकडे दुपारी बाराला सात मिळाले आणि संध्याकाळी साडेसातला, लालबागकडे जाणारी गर्दी खाली रस्त्यावर आल्यावर, त्याच जागी साडेतीन. टॉवर तोच, माणसं किती! मग फोन खिडकीच्या गजाजवळ नेला तर सहा झाले. जुन्या इमारतींच्या भिंती जाड, आतल्या खोलीत नेटवर्क गुदमरतं, म्हणून दोन मीटरची चांगली केबल घेऊन फोन खिडकीत ठेवा. कव्हर काढून ठेवा, आणि लॅपटॉपच्या गरम हवेच्या तोंडाशी नको, फोन तापला की आपला वेग कमी करतो.

यूट्यूब आणि ओबीएसमध्ये दोन बटणं

यूट्यूब स्टुडिओत लाईव्हच्या सेटिंगमध्ये Enable Auto-stop असतं, ते बंद करा. चालू असेल तर तुमच्याकडून चित्र येणं थांबल्यावर थोड्या वेळाने यूट्यूब समजतं कार्यक्रम संपला, आणि लाईव्ह संपवून टाकतं. मग नेट परत आलं तरी ती लिंक मेलेली, आणि दुबईवाल्यांना नवीन लिंक कोण पाठवणार. ओबीएसला यूट्यूबचं खातं जोडलं असेल तर लाईव्ह बनवतानाच्या खिडकीतही हेच बटण असतं, तिथेही बघा. लेटन्सी, म्हणजे चित्र बघणाऱ्यांपर्यंत पोचायला लागणारा उशीर, Normal ठेवा, बघणाऱ्यांकडे काही सेकंदांचा साठा राहतो आणि छोटी खोट त्यात निघून जाते.

ओबीएसमध्ये Advanced च्या पानावर Automatically Reconnect ला टिक पाहिजे, Retry Delay २ सेकंद, Maximum Retries २५. आता हे ओबीएस दर दोन सेकंदांनी प्रयत्न करतं असं नाही, प्रत्येक वेळी फसलं की पुढच्या प्रयत्नाआधी आणखी जास्त थांबतं. माझ्या अकरा मिनिटांतली शेवटची काही मिनिटं याच्यातच गेली. वैतागून मी वायर काढली तर खरी, पण तोवर पुढचा प्रयत्न बराच लांब गेला होता, आणि मला वाटलं फोनही चालत नाहीये. त्यामुळे वायर खेचायची तर लवकर. उशीर झालाच असेल तर Stop Streaming करून परत Start Streaming करा, स्ट्रीम की, म्हणजे यूट्यूबने दिलेला आणि ओबीएसमध्ये टाकायचा कोड, तीच असली आणि Auto-stop बंद असला की यूट्यूबवर तेच लाईव्ह पुढे चालू होतं. खातं जोडून लाईव्ह करत असाल तर मात्र Stop ला शक्यतो हात लावू नका, तिथे कार्यक्रमच संपायची भीती असते. म्हणून मी स्ट्रीम की टाकूनच करतो.

रंगीत तालीम

आदल्या दिवशी प्रायव्हेट लाईव्ह लावा आणि नेट खरंच घालवून बघा. राऊटरचा स्विच बंद करणं ही सोपी परीक्षा, ती बहुतेक पास होते आणि माणूस खूष होऊन झोपायला जातो. खरी परीक्षा राऊटर चालू ठेवून घ्यायची. राऊटरला मागे WAN मध्ये वायर येत असेल तर ती काढा. फायबर थेट डब्यात जात असेल तर ती उपटू नका, त्याऐवजी राऊटरच्या ॲपमधून तुमच्या लॅपटॉपचं नेट ब्लॉक करा. आता ओबीएसच्या खालच्या पट्टीकडे बघा: कनेक्शनची हिरवी खूण पिवळी, मग लाल, केबीपीएसचा आकडा पडत पडत शून्य. पण डिस्कनेक्ट झालं असं ओबीएस लगेच म्हणत नाही, बऱ्याच वेळा अर्धा मिनिट तसंच लटकून राहतं. हा चेहरा ओळखून ठेवा, कारण प्रत्यक्षात हेच दिसणार आहे.

माझा नियम असा ठरलाय की आकडा शून्य दिसला की मनात दहा मोजायचे, आणि तरी हलला नाही तर खेच वायर. दिवा लाल आहे का, केबलवाल्याला फोन करू का, हे सगळं नंतर.

गेल्या वर्षी काय झालं

भजन साडेसातला सुरू झालं, मेन लॅनवर, फोन खिडकीत. आठ वाजून पाच मिनिटांनी ओबीएसची खूण लाल. पोराला राऊटरपाशी बसवलंच होतं, तो ओरडला "दादा, लाल लागला!" मी तोवर सात-आठपर्यंत मोजत आलो होतो. वायर काढली. ओबीएसने लगेच डिस्कनेक्ट दाखवलं, दुसऱ्या प्रयत्नात जोडलं गेलं, टास्क मॅनेजरमध्ये फोनचा ग्राफ उभा राहिला. सगळं मिळून चाळीसेक सेकंद.

साडेआठला पोरगा परत आला, दिवा हिरवा झाला म्हणे, वायर लावू का. नाही लावायची. फायबरवाले जोडाजोड करत असतात तेव्हा नेट येतं जातं येतं जातं, आणि फोनवर नीट चाललेलं असताना परत त्या भानगडीत कशाला पडायचं. खरोखर नंतर आणखी दोनदा गेलं.

सव्वानऊला आरती झाली आणि बंद केलं. फोनवर डेटा बघितला तर १.४ जीबी, म्हणजे सत्तर मिनिटांचा हिशोब बरोबर जुळला, दिवसाच्या दोन जीबीच्या कोट्यात निभावलं. घरी येऊन नाशिकच्या मावशीला विचारलं मधे बंद पडलेलं का, तर म्हणे जरा गोल गोल फिरत होतं, तेवढ्यात मी गॅसवर चहा ठेवून आले.